खरूज जनावरात, गजकर्ण गोठ्यात

पावसाळा सरून थंडी पडायला लागली की गोठ्यातल्या वासरांच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर पांढुरके गोल चट्टे दिसू लागतात. त्याच दिवसांत शेजारच्या वाड्यात शेळ्या कान झाडतात, खांबाला अंग घासतात आणि त्यांच्या तोंडाभोवतीची कातडी केस गळून जाड होते. गावात दोन्हीला सरसकट ‘खरूज झाली’ म्हणतात आणि मेडिकलमधून एकच सुई आणली जाते, आयव्हरमेक्टिनची. शेळ्यांना गुण येतो. वासरांच्याही अंगावर दोन-तीन महिन्यांत केस येतात, म्हणून तिथलं श्रेयही त्याच सुईला मिळतं. खरं तर वासरांच्या आजारावर त्या औषधाचा काडीचाही परिणाम झालेला नसतो. ती आपोआप बरी झालेली असतात. पुढच्या हिवाळ्यात नवी वासरं त्याच दावणीला बांधली जातात आणि त्यांनाही तेच चट्टे उठतात.

वासरांचा तो गजकर्ण, म्हणजे बुरशीचा आजार. शेळ्यांची ती खरूज, म्हणजे कातडीत राहणाऱ्या बारीक किड्यांचा. वरवर पाहता दोन्हींत केस जातात आणि खपल्या येतात, एवढंच साम्य. पुढचं सगळं वेगळं आहे, आणि सगळ्यांत मोठा फरक जनावराच्या अंगावर दिसतच नाही, तो गोठ्यात असतो. खरजेचा किडा जनावरावाचून फार दिवस जगत नाही. बुरशीचे बीजाणू मात्र लाकडात, खराऱ्यात, दाव्यात वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून खरजेत औषध लागतं ते कळपातल्या प्रत्येक जनावराला, आणि गजकर्णात खरी मेहनत करायची ती गोठ्यावर. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमकं उलटं चालतं.

गाई-वासरांत गजकर्ण बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीमुळे होतो. ही बुरशी केसांवर आणि कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते, खाली जिवंत कातडीत शिरत नाही. एका जागी रुजली की कडेकडेने पसरत जाते, म्हणून चट्टा गोल दिसतो. केस मुळाशी ठिसूळ होऊन तुटतात आणि वर जुन्या भिंतीवरच्या चुन्याच्या पोपड्यासारखी जाड, राखाडी-पांढरी खपली धरते. डोळ्यांभोवती, कानांवर, गालांवर आणि मानेवर ती जास्त असते. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जातात. वर्षाच्या आतल्या वासरांना हा आजार फार होतो, कारण मोठ्या जनावरांपैकी अनेकांना तो लहानपणी होऊन गेलेला असतो आणि एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. शेळ्यांत तो तुलनेने कमी आढळतो. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी: गजकर्णाचं वासरू चट्टा घेऊन निवांत रवंथ करत बसतं. त्याला खाज नसते, असली तर किरकोळ.

खरजेत सगळा खेळ खाजेचाच. शेळ्यांत सर्वांत त्रासदायक खरूज सार्कोप्टिस नावाच्या किड्याची. त्याची मादी कातडीत बोगदा पोखरून त्यात अंडी घालते. अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. सुरुवात डोळे, कान आणि नाकाभोवती होते. मग मान, पोट, मांड्यांची आतली बाजू, बोकडाच्या वृषणाची पिशवी असं सगळीकडे ते पसरतं. कातडीला सुरकुत्या पडतात, ती जाड होते, घासून घासून रक्त येतं. खाण्यावरचं लक्ष उडालेली शेळी महिनाभरात हाडं दाखवू लागते. गाईंत वेगळाच प्रकार जास्त भेटतो. शेपटीचं मूळ, मागचे पाय आणि कासेची मागची बाजू इथे खपल्या येतात. हा किडा कातडीच्या वरच राहतो, बोगदे करत नाही. हा फरक औषध निवडताना कामाला येतो, त्याकडे पुढे येऊच.

ओळखायचं कसं? दुपारी जनावरं शांत असताना गोठ्यापासून थोडं लांब उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघत राहा. जवळ गेलात की जनावर तुमच्याकडे बघतं आणि खाजवणं विसरतं. दहा मिनिटांत तीच शेळी चार-पाच वेळा अंग घासत असेल, मागच्या खुराने कान खाजवत असेल, तर संशय खरजेचा. नंतर जवळ जाऊन चट्ट्याची कड बघा. गजकर्णात कड रेखल्यासारखी असते आणि आत दाढीच्या खुंटांएवढे तुटके केस उभे असतात. खरजेत कड पुसट असते, केस घासून गेलेले असतात आणि कातडी चिमटीत धरली तर जाड लागते.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. चट्ट्याच्या कडेची खपली काळ्या कागदावर घ्या आणि कागद कोवळ्या उन्हात ठेवा. वर राहणारे किडे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असतात. ऊब लागली की खपलीतून पांढरे ठिपके हलताना दिसतात, भिंग असेल तर उत्तम. मात्र सार्कोप्टिस त्याहून लहान आणि कातडीत दडलेला असतो, त्यामुळे कागद कोरा राहिला म्हणून खरूज नाही असं धरू नये. पक्कं निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. त्यासाठी डॉक्टर ब्लेडला थोडं पातळ पॅराफिन लावून, ताज्या चट्ट्याच्या कडेला रक्ताचा अंश दिसेपर्यंत खरवडतात. जुन्या जाड खपलीच्या मधून घेतलेला नमुना वाया जातो, कारण किडे कडेला असतात. गजकर्णाच्या संशयात कडेचे तुटके केस चिमट्याने उपटून देतात. बुरशी असेल तर केसाभोवती बीजाणूंच्या माळा दिसतात. सार्कोप्टिसच्या बाबतीत एक-दोन नमुन्यांत किडा सापडला नाही तरी अनुभवी डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

हिवाळ्यात उवांमुळेही जनावर अंग घासतं. केस बाजूला केले की उवा आणि केसांना चिकटलेल्या लिखा डोळ्यांनी दिसतात. ताप येऊन अंगभर टणक गाठी उठल्या तर तो लम्पीचा संशय, तिथे मलमपट्टीत एक दिवसही घालवू नये.

आता खरजेचा उपचार एका उदाहरणावर पाहू. समजा, घरात आठ उस्मानाबादी शेळ्या आहेत. आठवडी बाजारातून एक बोकड आणला, आणल्या दिवशीच कळपात सोडला. महिन्याभरात तीन शेळ्या खाजवायला लागल्या. बाकी पाच दिसायला ठणठणीत आहेत. इथे पहिली चूक होते ती त्या तिघींनाच सुई देण्याची. खरजेची खाज किडा आल्याबरोबर सुरू होत नाही. किड्याच्या विष्ठेशी आणि लाळेशी शरीराचं वाकडं येईपर्यंत काही आठवडे जातात, आणि तोवर किडे आत वाढत असतात. म्हणून औषध नऊच्या नऊ जनावरांना एकाच दिवशी द्यायचं.

दुसरी चूक मात्रेची. आयव्हरमेक्टिनचं 1 टक्क्याचं इंजेक्शन 50 किलो वजनाला 1 मिली, कातडीखाली, या हिशेबाने देतात. शेळ्यांचे शरीर हे औषध गाईपेक्षा लवकर बाहेर टाकते, त्यामुळे काही डॉक्टर शेळीला थोडी जास्त मात्रा ठरवतात. तो निर्णय त्यांचाच. पण कोणत्याही मात्रेसाठी वजन लागतं आणि शेळीच्या वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. टेपने पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलोतलं वजन. घेर 30 इंच आणि लांबी 24 इंच असेल तर उत्तर येतं साधारण 33 किलो. 50 किलोला 1 मिलीच्या हिशेबाने या शेळीला 0.65 मिलीच्या आसपास औषध लागेल. एवढं थोडं औषध मोजायला 1 मिलीची सिरिंज हवी. 5 मिलीच्या सिरिंजने हे काम केलं की कुणाला दुप्पट जातं, कुणाला अर्धं. अर्ध्या मात्रेने किडे मरत नाहीत, आणि वर औषधाला सरावतात.

तिसरी चूक एका सुईवर थांबण्याची. हे औषध अंडी मारत नाही. पहिल्या सुईनंतर खाज कमी होते, मालक निर्धास्त होतो आणि राहिलेल्या अंड्यांतून पुन्हा किडे निघतात. म्हणून 10 ते 14 दिवसांनी सगळ्यांना दुसरी मात्रा द्यायची. फार जाड खपल्या असलेल्या शेळीला दोन मात्रांनीही भागत नाही. तिच्या खपल्या कोमट साबणाच्या पाण्याने मऊ करून काढाव्या लागतात आणि वरून औषध लावावं लागतं. साडेबारा टक्क्यांचं अमिट्राझ लिटरभर पाण्यात 2 मिली, हे त्यासाठी नेहमी वापरलं जाणारं प्रमाण, पण बाटलीवरची सूचना आधी वाचावी, कारण कंपनीनुसार तीव्रता वेगळी असते. जनावराला आधी पोटभर पाणी पाजावं, उन्हाच्या वेळी औषध लावावं, अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नये आणि हातात मोजे घालावेत. घरात घोडा असेल तर त्याला अमिट्राझचा थेंबही लावू नये, त्याची आतडी थांबतात.

दुधाचा प्रश्न टाळून चालणार नाही. आयव्हरमेक्टिनची सुई दिलेल्या जनावराच्या दुधात आणि मांसात औषध बरेच दिवस उतरतं. किती दिवस दूध वापरायचं नाही आणि किती दिवस जनावर कटाईला द्यायचं नाही, ते लेबलवर लिहिलेलं असतं, आणि हा अवधी दिवसांचा नसून आठवड्यांचा असतो. दुभत्या गाईच्या शेपटीची खरूज असेल तर सुई तशीही कमी पडते, कारण वर राहणाऱ्या किड्याच्या पोटात पुरेसं औषध जात नाही. तिथे पाठीवर ओतायचं एप्रिनोमेक्टिन जास्त उपयोगी पडतं. 10 किलोला 1 मिली, म्हणजे 400 किलोच्या गाईला 40 मिली, खांद्यापासून शेपटीपर्यंत कण्यावरून ओततात. लेबलप्रमाणे वापरलं तर गाईचं दूध रोखावं लागत नाही. मिळेल तिथे थोडं महाग पडतं, पण दूध ओतून देण्यापेक्षा परवडतं.

गजकर्णाचा उपचार त्यामानाने साधा. वासरू आपोआप बरं होणार असतं, साधारण एक ते चार महिन्यांत. मग औषध कशाला? कारण प्रत्येक खपलीत बीजाणू भरलेले असतात आणि जितके दिवस ती गळत राहते तितके दिवस गोठा भरत राहतो. मोजे घालून, कोमट साबणाच्या पाण्याने खपली भिजवायची, मऊ झाली की हलक्या हाताने काढायची आणि खाली ठेवलेल्या कागदावर गोळा करून जाळून टाकायची. कोरडी खरवडायची नाही, त्याने बीजाणू उडतात. मग पोव्हिडोन आयोडीन चट्ट्यावर आणि चट्ट्याबाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. आठवडाभर रोज, नंतर दिवसाआड. सॅलिसिलिक आणि बेंझॉइक आम्लाचं व्हिटफिल्ड मलमही चालतं, मात्र डोळ्यांभोवती नाही. तिथे डॉक्टर देतील तेच लावावं. वासराला रोज दोन-तीन तास ऊन मिळालं आणि गर्दी कमी केली तर फरक लवकर पडतो.

काय लावू नये, तेही सांगायला हवं. जळकं ऑइल अजूनही अनेक ठिकाणी फासलं जातं. त्याने कातडी भाजते आणि जनावर ते चाटतं. गंधकाचं तसं नाही. करंजाच्या तेलात गंधक खलून लावण्याची जुनी पद्धत निराधार नव्हती, गंधक बुरशीवरही चालतो आणि किड्यांवरही. फक्त अंगभर पसरलेल्या खरजेला तो पुरत नाही. सर्वांत वाईट म्हणजे घरातल्या माणसाचं स्टिरॉइड मिसळलेलं मलम वासराला लावणं. दोन दिवस लाली उतरते आणि आत बुरशी मोकाट पसरते.

आता गोठा. खरारा हातात घेऊन उन्हात नीट बघा. दातांच्या मुळाशी केसांचा गुंता, तेलकट मळ आणि पांढरी भुकटी साचलेली असते. सकाळी आजारी वासरावरून फिरलेला हाच खरारा पाच मिनिटांनी शेजारच्या कालवडीवरून फिरतो, आणि खराऱ्याच्या दातांनी कातडीवर पडणारे बारीक ओरखडे बुरशीला आयती जागा करून देतात. आजार असेपर्यंत आजारी जनावराचा खरारा वेगळा ठेवायचा, त्याला लाल चिंधी बांधायची आणि कामाचा क्रम बदलायचा: निरोगी जनावरं आधी, आजारी शेवटी. मुक्त संचार गोठ्यात फिरता ब्रश असेल तर गजकर्ण आटोक्यात येईपर्यंत तो बंद ठेवावा. गाईंना तो आवडतो हे खरं, पण सगळी जनावरं एकाच ब्रशला अंग लावतात.

खरारा स्वच्छ करायचा तर आधी केस आणि मळ पूर्ण काढायचा, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात घासायचा. हे न करता थेट ब्लीचमध्ये बुडवला तर ब्लीचची सगळी ताकद मळातच जिरते. धुतल्यावर बाजारात मिळणारं पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा ताज्या द्रावणात पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा, मग साध्या पाण्याने खंगाळून उन्हात वाळवायचा. ब्लीचमध्ये फिनेल किंवा फरशीचं ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो. सुती दावी उकळून घेता येतात. काथ्याची जुनी दावी आणि अंगावर टाकलेली गोणपाटं जाळून टाकणं स्वस्त पडतं. मोरक्या आणि गळ्यातले पट्टे विसरू नका, वासरांच्या डोळ्यांभोवतीचा चट्टा बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

जागेच्या बाबतीत दोन आजारांचं गणित वेगळं होतं. खरजेच्या गोठ्यातून शेण-काडी काढून, भिंती धुऊन, तो तीन आठवडे रिकामा ठेवला की किडे बहुतेक संपतात. आपल्या उदाहरणातल्या नऊ शेळ्या पहिल्या सुईच्या दिवशी दुसऱ्या जागी हलवता आल्या आणि दुसऱ्या सुईनंतर आठवड्याने परत आणता आल्या, तर गणित बरोबर जुळतं. जागा नसेल तर निदान दोन्ही सुयांच्या दिवशी सगळी काडी बदलून खांब आणि गव्हाण धुवावी. गजकर्णाचा गोठा मात्र तीन आठवडेच काय, वर्षभर कुलूप लावून ठेवला तरी स्वच्छ झाला असं म्हणता येत नाही. तिथे झाडताना आधी पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ उडत नाही. जनावरं अंग घासतात ते खांब, गव्हाणीची कड, लाकडी फळ्या खरवडून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, ब्लीचच्या द्रावणाने ओल्या करायच्या, पंधरा मिनिटं ओल्या राहू द्यायच्या आणि वाळल्यावर चुना द्यायचा. भेगाळलेलं लाकूड पुरतं स्वच्छ होत नाही. असा एखादा खांब बदलून लोखंडी नळ बसवला तर पुढची अनेक वर्षं त्रास वाचतो.

दोन्ही आजार माणसालाही लागतात. शेळीच्या खरजेने हातावर, पोटावर पुरळ उठून रात्री खाज सुटते, पण तो किडा माणसाच्या अंगावर संसार थाटू शकत नाही; कळप बरा झाला की काही दिवसांत त्रास थांबतो. गजकर्ण तसा सोडत नाही. धार काढणाऱ्याच्या मनगटावर, वासराशी खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यात सुजलेला, पू धरणारा चट्टा उठतो आणि त्याला आठवड्यांचं औषध लागतं. डॉक्टरकडे गेल्यावर घरात चट्ट्यांची वासरं आहेत हे आवर्जून सांगावं, नाहीतर निदानाला उशीर होतो.

बाजारातून आणलेलं जनावर चार आठवडे वेगळं बांधा, कारण गजकर्ण दिसायला तेवढे दिवस लागतात. त्याचा खरारा, दावं आणि पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. पैदाशीला फिरणाऱ्या बोकडालाही हाच नियम. आणि चट्टा दिसला तर मेडिकलआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावर दाखवा. नेणं शक्य नसेल तर 1962 वर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला गोठ्यावर बोलवा, आणि औषध लिहून घेण्याआधी कातडीचा नमुना तपासायला सांगा.